उत्तर बरोबर वाटतंय, तरी फुली का? क्रियापदाच्या उत्तराबद्दल शिक्षकांना मेल लिहिताना

रविवारच्या मराठी वर्गात वर्कशीट तपासून परत दिली की पुढच्या दोन-तीन दिवसांत एखाद्या विद्यार्थ्याचा मेल येतोच. मजकूर बहुतेक असा: ‘ताई, प्रश्न ३ मधलं माझं उत्तर बरोबर आहे, तरी चूक दिलंय. प्लीज परत बघा.’ यात उद्धटपणा काही नाही. अडचण अशी की या मेलला उत्तर देता येत नाही. वर्कशीट त्याच्याकडे असते, त्यामुळे त्याने नेमकं काय लिहिलं होतं ते माझ्यासमोर नसतं. ते त्याला बरोबर का वाटतं हे तर वर्कशीटवरही नसतं. मग मी फार तर वर्गात सांगितलेला नियम पुन्हा सांगू शकते, आणि गंमत म्हणजे तो नियम त्याने पाळलेलाच असतो.

इंदूरसारख्या गावात हे जास्त होतं. घरात मराठी, शाळेत आणि सराफ्यात हिंदी, आणि दोन्ही भाषांची व्याकरणं इतकी शेजारची की एकीतलं रूप दुसरीत कधी शिरलं ते कळतही नाही. म्हणून खाली एकच उदाहरण घेते आणि ते शेवटपर्यंत नेते: फुली मिळाल्यापासून मेल पाठवेपर्यंत, आणि त्याचं उत्तर येईपर्यंत.

वाक्य आणि फुली

प्रश्नाची सूचना होती: ‘कंसातील क्रियापदाचे साध्या भूतकाळातील योग्य रूप लिहा. बोलणारा मुलगा आहे.’ त्यातली तीन वाक्यं:

मी काल दोन पोळ्या ______. (खाणे)
मी बाजारातून भाजी ______. (आणणे)
मी आजीकडून मोडी ______. (शिकणे)

विद्यार्थ्याने लिहिलं: खाल्ल्या, आणली, शिकली. पहिल्या दोन उत्तरांना बरोबरची खूण, तिसऱ्याला फुली.

आता त्याच्या जागी बसून बघा. वहीत नियम लिहिलेला आहे: क्रियापद सकर्मक असेल आणि काळ भूतकाळ असेल, तर क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं. पोळ्या खाल्ल्या, भाजी आणली. मोडी हे कर्म, मोडी स्त्रीलिंगी, म्हणून शिकली. शिवाय हिंदीत ‘मैंने मोडी सीखी’ म्हणतात, म्हणजे कानालाही ते पटतं. एकाच पद्धतीने काढलेली तीन उत्तरं, दोन बरोबर आणि एक चूक. त्याला शंका येणं अगदी रास्त आहे आणि ती विचारलीच पाहिजे. फक्त ती ‘माझं बरोबर आहे’ या वाक्यात मावत नाही.

मेल उघडण्याआधी कागदावर

आधी सूचना शब्दशः पुन्हा वाचा. क्रियापदाच्या प्रश्नांतल्या पुष्कळशा फुल्या इथेच उलगडतात. विचारला होता अपूर्ण भूतकाळ आणि लिहिला साधा. किंवा बोलणारी मुलगी आहे असं कंसात होतं आणि ‘गेलो’ लिहिलं. कधी रूप बरोबर असतं, पण लेखन बोलण्यातलं असतं: वर्कशीटवर प्रमाण लेखन मागितलेलं असताना ‘वाचले’ऐवजी ‘वाचलं’. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे ही अनुस्वाराची रूपं पात्राच्या तोंडी चालतात, एरवीच्या लेखनात ‘केले’, ‘म्हटले’ अशी एकारान्त रूपं लिहायची. (हा लेख मी बोलत्या मराठीत लिहिते आहे, तेव्हा वर्कशीट लिहिताना माझा कित्ता गिरवू नका.) यातलं काही असेल तर मेलची गरजच नाही.

आपल्या उदाहरणात तसं काही नाही. मग कोऱ्या कागदावर वाक्य फोडा. कर्ता: मी, मुलगा. कर्म: मोडी, स्त्रीलिंगी, एकवचनी. क्रियापद: शिकणे. मी लावलेला नियम: भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्माप्रमाणे चालतं. हे चार तुकडे मेलमध्ये जवळजवळ जसेच्या तसे जाणार आहेत, म्हणून ते आत्ताच नीट लिहून ठेवा. शिक्षकांना हवं असतं ते हेच. यातल्या कुठल्या तुकड्याशी गाडी रुळावरून उतरली हे दिसलं की उत्तर दोन ओळींत देता येतं.

हे मी एवढ्या आग्रहाने सांगते कारण एकच चुकीचं रूप दोन अगदी वेगळ्या वाटांनी येऊ शकतं. समजा बोलणारी मुलगी आहे आणि तिनेही ‘मी मोडी शिकली’ लिहिलं. तिने कर्माकडे बघून ‘शिकली’ लिहिलं असेल, किंवा इकडे बऱ्याच मुली ‘मी गेली’, ‘मी आली’ म्हणतात तसं स्वतःकडे बघून. पहिलीला कर्मणी प्रयोगाची मर्यादा समजावून सांगावी लागते. दुसरीला एवढंच सांगायचं असतं की प्रमाण मराठीत मुलगी स्वतःबद्दल ‘मी गेले’, ‘मी शिकले’ म्हणते. कागदावर दोघींचं उत्तर अक्षर न् अक्षर सारखं दिसतं. कोणती कुठल्या वाटेने आली हे तिने लिहिल्याशिवाय तपासणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

‘मी’ काढून ‘तो’ घालणं

आता खरी तपासणी. मराठीत ‘मी’ आणि ‘तू’ हे दोन शब्द फसवे आहेत. ‘मी घरी गेलो’ आणि ‘मी पोळी खाल्ली’ या दोन वाक्यांत प्रयोग वेगळे आहेत, पहिल्यात कर्तरी आणि दुसऱ्यात कर्मणी, तरी ‘मी’ दोन्हीकडे तसाच उभा आहे. तिसऱ्या पुरुषात मात्र फरक लपत नाही: तो घरी गेला, पण त्याने पोळी खाल्ली. कर्मणी प्रयोग असेल तर कर्त्याला ‘ने’ लागतो. ‘मी’ला तो लागलेला दिसत नाही, म्हणून आपण अंधारात चाचपडतो.

तेव्हा तिन्ही वाक्यांत ‘मी’च्या जागी ‘तो’ घाला. त्याने दोन पोळ्या खाल्ल्या. त्याने बाजारातून भाजी आणली. आणि तिसरं? ‘त्याने आजीकडून मोडी शिकली’ की ‘तो आजीकडून मोडी शिकला’? प्रमाण मराठीत दुसरं. ‘शिकणे’ सकर्मक असूनही भूतकाळात ‘ने’ घेत नाही, कर्त्याप्रमाणे चालतं. म्हणून मुलाचं वाक्य ‘मी आजीकडून मोडी शिकलो’ असं होतं. तेच ‘शिकवणे’ घेतलं की ‘ने’ लगेच परत येतो: आजीने मोडी शिकवली.

या तपासणीत एक खाच आहे, ती सांभाळा. ‘तो’च्या जागी ‘ती’ घातलीत तर ‘ती मोडी शिकली’ असं वाक्य मिळेल, आणि ‘बघा, शिकलीच तर आहे’ असं वाटेल. इथलं ‘शिकली’ मोडीमुळे आलेलं नाही, ‘ती’मुळे आलेलं आहे; दोन्ही स्त्रीलिंगी असल्यामुळे क्रियापद कुणाचं ऐकतंय ते दिसत नाही. माझा अंदाज असा की अशी वाक्यं छापील मजकुरात वाचूनच ‘मोडी शिकली’ ही जोडी मुलांच्या डोक्यात पक्की बसते. म्हणून तपासताना कर्ता एका लिंगाचा आणि कर्म दुसऱ्या लिंगाचं असंच वाक्य घ्यायचं. कर्म स्त्रीलिंगी असेल तर ‘तो’, कर्म पुल्लिंगी असेल तर ‘ती’. आदरार्थी ‘ते’ टाळा, तिथे ‘शिकले’ येतं आणि ते आणखी दोन-तीन ठिकाणी येत असल्यामुळे गोंधळ वाढतो.

दुसरी अडचण कानाची. ज्याच्या कानाला दिवसभर ‘उसने मोडी सीखी’ची सवय, त्याला ‘त्याने मोडी शिकली’ अजिबात खटकत नाही. मग स्वतःच्या कानावर विसंबू नका. छापील मराठीत वाक्य शोधा किंवा घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला विचारा, पण विचारताना उत्तर त्यांच्या तोंडात घालू नका. ‘आजी, त्याने मोडी शिकली बरोबर ना?’ असं विचारलंत तर ती नातवाच्या प्रेमापोटी ‘हो रे बाळा’ म्हणेल. त्याऐवजी ‘मामाला पोहणं कसं काय येतं?’ असं काहीतरी विचारा. ‘अरे, तो गावच्या विहिरीत पोहणं शिकला’ अशा धर्तीचं वाक्य आपोआप येईल, आणि त्यात ‘तो’ आला की ‘त्याने’, तेवढंच टिपायचं. कर्माशिवायचं वाक्य मात्र धरू नका. ‘तो पुण्यात शिकला’ म्हणजे तिथे शिक्षण घेतलं. तिथे कर्मच नाही, तेव्हा त्यावरून काही सिद्ध होत नाही.

मग मेल कशाला?

तपासणीत उत्तर सापडलं तरी मेल पाठवावा असं माझं मत आहे, फक्त प्रश्न बदलतो. आधीचा प्रश्न होता ‘हे चूक का?’ आता खरा प्रश्न असा आहे: ‘वहीतला नियम शिकणे या क्रियापदाला लागत नाही असं दिसतंय. अशी आणखी कुठली क्रियापदं आहेत आणि ती ओळखायची कशी?’ हा प्रश्न वाचून कुठल्याही शिक्षकाला बरं वाटेल, आणि उत्तराचा उपयोग पुढच्या सगळ्या वर्कशीटना होईल.

तपासणीत काहीच ठरलं नाही, दोन्ही वाक्यं सारखीच बरोबर वाटली, तरी मेल पाठवा आणि तेच लिहा: मी असं करून पाहिलं, मला दोन्ही सारखीच वाटतात. हीसुद्धा माहिती आहे. त्यावरून अडचण कानाची आहे हे मला लगेच कळतं.

मजकूर

पहिला खर्डा साधारण असा येतो:

> नमस्कार मॅम, सॉरी तुम्हाला डिस्टर्ब करतोय. मी प्रश्न ३ मध्ये शिकली लिहिलं होतं, ते रूलप्रमाणे बरोबर आहे, पण आपण चूक दिलं आहे. माझ्या मित्राचं पण तेच आहे. कृपया करून माझे मार्क वाढवण्याची कृपा करावी. सॉरी अगेन.

ओळीओळीने बघू. सुरुवातीला सॉरी, शेवटी सॉरी, मध्ये दोनदा कृपा. मराठीत सभ्यपणा इतक्या ठिकाणी पेरावा लागत नाही. एक ‘नमस्कार’ आणि एक ‘सांगाल का?’ पुरतं. ‘करण्याची कृपा करावी’ ही अर्जाची भाषा आहे, शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी ती शोभते. ‘तुम्हाला’ आणि ‘आपण’ एकाच मेलमध्ये आलेत. दोन्ही आदराचेच, पण एक धरा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. वर्गात ज्यांना ताई म्हणता त्यांना मेलमध्येही ताईच म्हणा, मॅम नको.

‘आपण चूक दिलं आहे’ हे वाक्य माणसाकडे बोट दाखवतं, वर ‘चूक देणं’ म्हणजे काय ते स्पष्ट नाही. ‘उत्तराला फुली आहे’ म्हटलं की बोट कागदाकडे वळतं. ‘रूलप्रमाणे बरोबर आहे’ हा निकाल झाला. कुठला नियम, तो कसा लावला, हे आलंच नाही. मित्राला या मेलमध्ये आणू नका. दोघांनी सारखं लिहिलं म्हणून ते बरोबर ठरत नाही, आणि दोघांचं सारखं कसं आलं हा भलताच प्रश्न उभा राहतो. राहिले गुण. शंकेच्या मेलमध्ये गुण मागू नका. उत्तर ग्राह्य ठरलं तर शिक्षक आपणहून गुण देतील. बेरीज चुकली असेल तर तो मेल वेगळा, आणि तो एका ओळीचा असतो.

हाच मेल पुन्हा लिहिला तर:

> विषय: भूतकाळाची वर्कशीट, प्रश्न ३, वाक्य ५: ‘शिकणे’च्या रूपाबद्दल शंका
>
> ताई,
> नमस्कार.
>
> रविवारी परत मिळालेल्या भूतकाळाच्या वर्कशीटमधील प्रश्न ३, वाक्य ५ बद्दल एक शंका आहे. वाक्य असे होते: ‘मी आजीकडून मोडी ______. (शिकणे)’ आणि बोलणारा मुलगा होता. मी ‘शिकली’ असे लिहिले. त्याला फुली आहे.
>
> मी असा विचार केला: ‘शिकणे’ सकर्मक आहे, ‘मोडी’ हे स्त्रीलिंगी कर्म आहे, आणि वहीतल्या नियमाप्रमाणे भूतकाळात क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. याच पद्धतीने लिहिलेली ‘पोळ्या खाल्ल्या’ आणि ‘भाजी आणली’ ही उत्तरे बरोबर आली आहेत.
>
> नंतर मी ‘मी’च्या जागी ‘तो’ घालून पाहिले. ‘त्याने भाजी आणली’ असे होते, पण ‘तो मोडी शिकला’ असे होते असे वाटते. म्हणजे ‘शिकणे’ला तो नियम लागत नाही का? तसे असल्यास अशी क्रियापदे कशी ओळखायची, हे सांगाल का?
>
> प्रश्नाचा फोटो सोबत जोडला आहे. रविवारी वर्गात सांगितलेत तरी चालेल.
>
> तुमचा विद्यार्थी,
> (नाव, तुकडी)

मजकूर पहिल्यापेक्षा मोठा आहे, तरी वाचायला कमी वेळ लागतो, कारण पुढे काय विचारलंय ते शोधावं लागत नाही. बरोबर आलेल्या दोन उत्तरांचा उल्लेख मुद्दाम ठेवला आहे. त्यावरून दिसतं की विद्यार्थ्याने अंदाजाने ठोकून दिलेलं नाही, त्याच्यामागे पद्धत आहे आणि ती एका ठिकाणी अडते. तो उल्लेख नसता तर मी कदाचित ‘कर्म म्हणजे काय’ इथपासून सुरुवात केली असती.

प्रश्न वरकरणी दोन दिसतात, पण दुसरा पहिल्यातूनच निघालेला आहे. याहून जास्त नकोत. वाक्य ५ बद्दल लिहिताना ‘आणि वाक्य ८ मध्ये पण, आणि विभक्तीचं पण एक होतं’ असं शेपूट लावलंत की सगळ्यांनाच त्रोटक उत्तरं मिळतात.

एक गोष्ट पाठवण्याआधी नक्की करा: मेलमधली स्वतःची क्रियापदं तपासा. क्रियापदाबद्दल शंका विचारणाऱ्या मेलमध्ये ‘मी उत्तर लिहिलो’ असेल तर वाचणाऱ्याचं लक्ष तिथेच अडकतं. मोबाइलवर देवनागरी टंकताना कीबोर्ड सुचवतो तो शब्द चुकून दाबला जातो आणि ‘लिहिले’चं ‘लिहिली’ होतं. एकदा मोठ्याने वाचलंत की सापडतं.

फोटो आणि वेळ

फोटोत फक्त फुलीचा शब्द नको. वरची सूचना, ते वाक्य आणि तुमचं उत्तर हे तिन्ही दिसायला हवेत. सूचना कापली गेली की ‘बोलणारा मुलगा आहे’ हेही कापलं जातं, आणि मग शिकलो की शिकले हा नवाच प्रश्न निघतो. फोटो जोडला तरी वाक्य मजकुरात टंकून लिहाच. बसमध्ये मेल वाचणाऱ्याला फोटो मोठा करून बघणं जमत नाही.

वर्ग रविवारी असेल तर मेल आठवड्याच्या मध्यापर्यंत जावा. शनिवारी रात्री पाठवलेल्या मेलचं उत्तर वर्गातच मिळणार, तर मग तो वर्गातच विचारा. पाठवल्यावर लगेच व्हॉट्सॲपवर ‘ताई मेल बघितला का?’ नको. पुढच्या वर्गापर्यंत थांबा, आणि तिथे तोंडी आठवण करा.

उत्तर आल्यावर

अशा मेलला मी साधारण असं उत्तर देते:

> तुझे ‘तो’ घालून पाहणे अगदी योग्य. ‘शिकणे’ सकर्मक असले तरी भूतकाळात कर्त्याप्रमाणे चालते, म्हणून ‘मी मोडी शिकलो’. विसरणे, बोलणे, खेळणे, नेसणे, चढणे हीसुद्धा तशीच: तो चावी विसरला, तो मराठी बोलला, ती क्रिकेट खेळली, तो लुंगी नेसला, ती डोंगर चढली. ओळखायची एकच खूण, कर्त्याला ‘ने’ लागतो का ते पाहणे. वहीतल्या नियमापुढे ‘काही क्रियापदे सोडून’ असे लिहून ठेव.

उत्तरातली उदाहरणं कशी निवडलीत ते बघा: चावी विसरला, डोंगर चढली. प्रत्येक वाक्यात कर्ता आणि कर्म वेगळ्या लिंगाचे आहेत, नाहीतर मघाची खाच पुन्हा आड आली असती.

उत्तर वाचून लगेच ‘थँक यू ताई’ पाठवण्याआधी एक काम करा. यादीतली क्रियापदं हिंदीशेजारी ठेवून बघा. म्हणजे पुढच्या फुल्या कुठे वाट बघत बसल्यात ते कळतं. ‘भूलना’ हिंदीतही ‘ने’ घेत नाही, ‘वह चाबी भूल गया’. म्हणून ‘मी चावी विसरलो’ इथे इंदूरची मुलं सहसा चुकत नाहीत. ‘सीखना’ ‘ने’ घेतं आणि ‘शिकणे’ घेत नाही, तिथे चुकतात. ‘लाना’ची गोष्ट बरोबर उलटी: हिंदीत ‘वह दूध लाया’, मराठीत ‘त्याने दूध आणले’. म्हणून ‘मी दूध आणलो’ हे वाक्य मला वर्कशीटवर दिसतं आणि ते लिहिणाऱ्याला त्यात काही खटकत नाही. वहीच्या एका पानावर दोन रकाने करा, एकात ‘तो’ आणि दुसऱ्यात ‘त्याने’. जे क्रियापद हिंदीपेक्षा वेगळं वागतं त्याच्यापुढे चांदणी काढा.

बडोद्याच्या मराठी मुलांची यादी वेगळी निघेल. गुजरातीत ‘ते मराठी शीख्यो’ असंच म्हणतात, ‘ने’सारखं काही लागत नाही, त्यामुळे ‘शिकलो’ त्यांना सहज येतं. पण ‘ते दूध लाव्यो’ या वळणाने ‘मी दूध आणलो’ तिथेही होऊ शकतं. तेव्हा बडोद्याच्या मावसभावाची वही उतरवून घेऊ नका, स्वतःचीच करा.

दोन्ही रूपं चालतात तेव्हा

कधी तपासणीनंतर असं दिसतं की दोन्ही रूपं खरोखरच वापरात आहेत. ‘जिंकणे’ घ्या. ‘तो सामना जिंकला’ आणि ‘त्याने सामना जिंकला’ दोन्ही छापून येतात. दोन्हीकडे ‘जिंकला’च आहे, म्हणून इथे वाद उघड होत नाही. पण वर्कशीटवर ‘मी (मुलगा) स्पर्धा ______’ आलं की ‘जिंकलो’ आणि ‘जिंकली’ अशी दोन उत्तरं समोर येतात. ‘पिणे’चंही तसंच: ‘तो पाणी प्याला’ जुन्या वळणाचं, आणि ‘त्याने पाणी प्यायलं’ सर्रास ऐकू येतं.

अशा वेळी मेलचा सूर थोडा बदला. ‘माझं का चूक?’ असं न विचारता ‘दोन्हींपैकी वर्गासाठी कुठलं रूप धरायचं?’ असं विचारा. आणि दुसरं रूप कुठे दिसलं ते सांगा: वर्तमानपत्राच्या खेळाच्या पानावरचं अख्खं वाक्य उतरवून पाठवा, नुसतं ‘पेपरमध्ये असतं’ नको. उतरवताना कर्ता-कर्माचं लिंग पुन्हा बघा. ‘भारताने मालिका जिंकली’ हे वाक्य उपयोगाचं आहे, कारण ‘ने’ समोर दिसतोय. ‘ती स्पर्धा जिंकली’ मात्र नाही: त्यातली ‘ती’ म्हणजे खेळाडू की ‘ती स्पर्धा’, इथपासूनच शंका.

> ताई, प्रश्न ४, वाक्य २ मध्ये मी ‘मी स्पर्धा जिंकली’ असे लिहिले, त्याला फुली आहे. ‘तो’ घालून पाहिल्यावर ‘तो स्पर्धा जिंकला’ आणि ‘त्याने स्पर्धा जिंकली’ दोन्ही बरोबर वाटतात. वर्तमानपत्रात ‘भारताने मालिका जिंकली’ असे वाक्यही सापडले. परीक्षेत आपल्या वर्गासाठी कोणते रूप धरावे?

या मेलवर मी दोन्ही उत्तरं ग्राह्य धरली असती, आणि पुढच्या वेळी ते वाक्य वर्कशीटमधून काढून टाकलं असतं.